सागवानी तुळई मधून न वाकता टोकाला आडवी का चिरते?

प्रश्न : आमचं चोपडा तालुक्यात जुनं धाब्याचं घर आहे. वाळवीने खाल्लेल्या तीन तुळया मागच्या वर्षी बदलल्या. वखारीतून ऑगस्टमध्ये सागवान घेतलं, 6 इंच रुंद आणि 10 इंच उंच. दिवाळीआधी तुळया चढवल्या. भिंतीची उंची जुळेना म्हणून सुताराने दोन्ही टोकांना खालून 4 इंचांची खाच मारली. एप्रिलमध्ये एका तुळईला खाचेच्या कोपऱ्यापासून आडवी चीर गेली, दीड-दोन फूट लांब. बाकीच्या दोघींवरही बारीक भेगा दिसतात. सुतार म्हणतो लाकूड कच्चं होतं, वखारवाला म्हणतो माल एक नंबर होता. खरं काय? आणि तुळई बदलावीच लागेल का?

उत्तर :

भाऊ, आधी टेकू लावा, बाकीचं नंतर वाचा. चिरलेल्या टोकापासून फूट-दीड फूट आत, जिथे तुळईची उंची पूर्ण 10 इंच आहे तिथे, खालून जॅक किंवा भक्कम धिरा द्या. त्याखाली फरशी असेल तर फळी टाका. पावसाच्या आधी हे झालंच पाहिजे, कारण धाब्याची माती भिजली की वजन वाढतं.

आता भांडणाचं. सुतार आणि वखारवाला दोघेही अर्धं बरोबर बोलतायत. लाकूड ओलं होतं हे जवळजवळ नक्की. ऑगस्टमध्ये वखारीत मिळणारा इतका जाड माल आतून सुकलेला असणं अवघड. पण ओल्या लाकडाची तुळई खाच नसती तर अशी चिरली नसती, आणि खाच असूनही लाकूड सुकलेलं असतं तर कदाचित काही वर्षं टिकली असती. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, खाचेच्या कोपऱ्यात, एकत्र आल्या.

केळीच्या खांबाचा सोप तुम्ही हातात घेतलाच असेल. उभा ओढला तर घाम फुटतो, आडवा ओढला तर धागे अलगद सुटतात. लाकडाची जात तीच आहे. सागवानाचा एकेक तंतू मिलिमीटर-दीड मिलिमीटर लांब, आतून पोकळ नळीसारखा, आणि तो झाडाच्या उंचीच्या दिशेने उभा असतो. त्याच्या भिंतीत सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या जवळपास त्याच दिशेने गुंडाळलेल्या असतात. लाकूड रेषेच्या दिशेने ओढताना तुम्ही या साखळ्या तोडायला बघता, आणि त्या सहज तुटत नाहीत. रेषेला आडवं ओढताना साखळ्यांना हातही लागत नाही. तिथे फक्त एका तंतूला शेजारच्या तंतूपासून सोडवायचं असतं, आणि त्यांच्यामध्ये असतो त्यांना चिकटवून ठेवणारा लिग्निनचा थर. सागवानात आणखी एक गोष्ट आहे. दर वर्षीच्या कड्याच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग असते, ती आडव्या ताणाला आयती वाट देते. म्हणून आडवी ताणशक्ती उभ्या ताणशक्तीच्या विसाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही कमी भरते.

लोखंडाच्या गजाला अशी दिशा नसते, कुठूनही ओढा, ताकद साधारण तीच. म्हणून लोखंडाचा हिशेब शिकलेला माणूस लाकडाकडे बघताना पहिला प्रश्न चुकीचा विचारतो : ‘हे लाकूड किती बळकट?’ लाकडाबाबत प्रश्न असतो कोणत्या दिशेने, आणि किती ओलं असताना.

तुमच्याच तुळईचा हिशेब करून बघू. आतलं अंतर 12 फूट, म्हणजे 3.6 मीटर, आणि दोन तुळयांमधला खण 5 फूट, म्हणजे दीड मीटर धरतो. तुमचं माप वेगळं असेल तर त्या प्रमाणात बदला. धाब्यावर 20 सेंटीमीटर माती, तीही पावसात भिजलेली, त्याखाली किलचा आणि कड्या, वर चार माणसं चढली तर त्यांचं वजन. सगळं मिळून चौरस मीटरला 500 किलो धरणं शहाणपणाचं. एका तुळईच्या वाट्याला 3.6 गुणिले 1.5 म्हणजे 5.4 चौरस मीटर येतात, म्हणजे 2700 किलो. प्रत्येक टोकावर 1350 किलो.

तुळई मध्यावर वाकते तेव्हा तिचा तळ ताणला जातो. तो ताण काढला तर चौरस सेंटीमीटरला साधारण 78 किलो येतो. सुकलेल्या निर्दोष सागवानाचा लहान नमुना प्रयोगशाळेत वाकवून मोडला तर तो हजार किलोच्या आसपास तुटतो, ओला असताना 800 च्या आसपास. गाठी, रेषेचा तिरकेपणा, वर्षानुवर्षांचा भार यांची वजावट केली तरी मध्यावर तुमची तुळई निवांत आहे. वखारवाला ‘एक नंबर’ म्हणतो ते या अर्थाने. मधून वाकणं म्हणजे रेषेच्या दिशेचा ताण, आणि त्या दिशेला सागवान राजा आहे.

टोकाला गोष्ट वेगळी. तिथे वाकवणारा जोर जवळजवळ शून्य असतो, पण तुळईचा वरचा भाग खालच्या भागावरून सरकू बघतो. याला कातरण म्हणतात. खाच नसती तर ते असं निघतं :

```
1.5 × 1350 / (15 × 25) = 5.4 किलो/सेंमी²
```

सागवानाच्या तुळईत रेषेच्या दिशेने 10 च्या आसपास कातरण चालवून घेतात. म्हणजे निम्म्यावरच आहोत. आता खाच धरा. 25 सेंटीमीटरपैकी 10 गेले, उरले 15. खालून खाचलेल्या टोकासाठी जे सूत्र वापरतात त्यात उरलेली उंची दोनदा भागाकारात येते, कारण उंची कमी झाल्याचा एक फटका असतो आणि कोपऱ्यात ताण एकवटल्याचा दुसरा :

```
3 × 1350 × 25 / (2 × 15 × 15²) = 15 किलो/सेंमी²
```

लाकूड काढलं चाळीस टक्के, जोर झाला पावणेतीनपट. सुताराने 4 इंचांऐवजी अडीच इंच खाच मारली असती तर हाच आकडा साडेनऊच्या थोडा वर आला असता, म्हणजे कसाबसा मर्यादेत. तळाची खाच उंचीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा खोल नको, हा नियम इथूनच येतो. खाच वरच्या बाजूने असती तर एवढा त्रास नव्हता, कारण वरच्या कोपऱ्याला भार मिटवतो, खालच्या कोपऱ्याला उघडतो. तुमच्या टोकाशी भिंत फक्त वरच्या 6 इंचांना उचलून धरते आणि खालचे 4 इंच हवेत लटकतात. वजन त्यांना खाली ओढतं. म्हणजे कोपऱ्यात नेमका रेषेला आडवा ताण येतो, लाकडाची सगळ्यात दुबळी बाजू. चीर तिथून सुटते आणि मग तंतूंच्या मधून वाट काढत मध्याकडे धावते.

चौकस वाचक इथे अडेल : सुकलेल्या सागवानाचा लहान तुकडा रेषेच्या दिशेने कातरायला 130 किलोच्या आसपास जोर लागतो, मग आपण 10 वरच का थांबतो? कारण लहान तुकड्यात भेग नसते आणि मोठ्या तुळईत ती जवळजवळ नेहमीच असते. जिथे भेग आहे तिथे कातरण सोसायला लाकूडच कमी उरतं. ‘लाकूड सुकलं की बळकट होतं’ हे वाक्यही म्हणूनच जपून वापरावं. दाबाला सुकलेलं सागवान ओल्यापेक्षा जवळजवळ दीडपट टिकतं, ते खरं. पण जाड तुळईत सुकताना पडलेल्या भेगा टोकाशी ती कमाई खाऊन टाकतात.

आता ओलाव्याकडे येऊ, कारण खान्देशात हाच मुद्दा दुसरीकडच्यापेक्षा जड पडतो.

लाकडात पाणी दोन जागी असतं. एक नळ्यांच्या पोकळीत, मोकळं. दुसरं तंतूंच्या भिंतीत, साखळ्यांच्या मध्ये शिरून बसलेलं. ताजं लाकूड सुकायला लागलं की आधी मोकळं पाणी जातं. त्याने वजन कमी होतं, पण लाकूड आकसत नाही आणि ताकदही बदलत नाही. ओलावा 25 ते 30 टक्क्यांच्या आसपास आला, सागवानात त्याहून थोडा खाली, की पोकळ्या रिकाम्या होतात आणि भिंतीतलं पाणी निघायला लागतं. इथून पुढे साखळ्या एकमेकींच्या जवळ येतात. लाकूड आकसतं, कडक होतं, बळकट होतं. पण साखळ्या उभ्या असल्यामुळे जवळ येण्याची दिशा आडवी असते, त्यामुळे लांबीत जवळजवळ काही घडत नाही. सागवान पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईतो वार्षिक कड्यांच्या बाजूने 5 ते 6 टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने साधारण 2.5 टक्के, आणि लांबीत 0.1-0.2 टक्का. पहिल्या दोन आकड्यांत जो दुपटीचा फरक आहे, त्यामुळेच गोल ओंडक्याला गाभ्याकडून बाहेर जाणाऱ्या भेगा पडतात. परिघाला जितकं आकसायचं असतं तितकं आतला भाग आकसू देत नाही.

तुमच्या 25 सेंटीमीटर उंच तुळईचं बघा. ओलीची 8 टक्क्यांवर आली तर उंचीत ती 4 ते 9 मिलिमीटर कमी होईल. 3.6 मीटर लांबीत कमी होईल 2 ते 5 मिलिमीटर. म्हणजे दहा इंच उंची बारा फूट लांबीपेक्षा जास्त आकसते.

लाकूड शेवटी हवेशी जुळवून घेतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा ते 16 टक्क्यांकडे जातं. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळच्या उन्हात हवेची आर्द्रता दिवसचे दिवस 30 टक्के आणि दुपारी त्याहूनही खाली असते, तेव्हा ते 6 टक्क्यांकडे ओढलं जातं. कोकणातल्या लाकडाला एवढा हेलकावा बसत नाही. बैलगाडी असलेल्या घरांना हे सांगावं लागत नाही. मे महिन्यात चाकाची लाकडं आकसतात आणि लोखंडी धाव ढिली होते, म्हणून चाक पाण्यात ठेवायची पद्धत होती. लोखंड तेवढंच राहतं आणि लाकूड आडवं आकसतं, एवढंच त्यामागचं कारण.

तुळई सगळीकडून सारखी सुकली असती तर तरी बरं. पाणी नळ्यांच्या तोंडातून, म्हणजे टोकाच्या कापातून, बाजूंच्या मानाने दहापट किंवा जास्त वेगाने बाहेर पडतं. सुताराने खाच मारली तेव्हा खाचेच्या उभ्या कापावर तंतूंची ताजी तोंडं उघडी पडली. तिथलं लाकूड आधी सुकलं आणि आकसायला लागलं, आत मात्र ओलावा होता, त्याने आकसू दिलं नाही. कोपऱ्यात सुकण्याचाही आडवा ताण आला आणि भाराचाही. दिवाळीला चढवलेली तुळई एप्रिलमध्येच का बोलली, त्याचं उत्तर हे.

बाकीच्या दोन तुळयांवरच्या भेगा त्याच प्रकारच्या आहेत का, हे ओळखता येतं. सुकण्याची भेग पृष्ठभागावर रुंद असते आणि आत जाताना निमुळती होत संपते. कटरचं पातं घातलं तर थोडं जाऊन अडतं. ती बाजूच्या मध्यावर कुठेही असते, दुसऱ्या बाजूला तिचा जोडीदार नसतो, आणि पावसाळ्यात ती बरीचशी मिटते. भाराची चीर मात्र खाचेच्या आतल्या कोपऱ्यातूनच निघते, तुळईच्या दोन्ही बाजूंना एकाच पातळीवर दिसते, आणि चिरेवर बोट फिरवलं तर वरचा आणि खालचा भाग एका सपाटीत लागत नाहीत. चीर जिथे संपते तिथे पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. टेकू असताना ती रेघ ओलांडली गेली नाही तर ठीक. बारीक भेगा निर्दोष दिसल्या तरी त्या दोन तुळयांनाही खाच तीच आहे, हे विसरू नका. त्यांच्यासाठीही खालचाच उपाय करा, चीर पडायची वाट बघू नका.

लाकूड अजून किती ओलं आहे तेही मोजून घ्या. याच मालाचा उरलेला तुकडा तुळयांइतकाच सुकत पडलेला असेल तर त्याच्या टोकापासून फूटभर आतली इंचभर जाड चकती काढा. टोकाची चकती घेऊ नका, ती नेहमी कोरडं खोटं बोलते. सराफाच्या काट्यावर तोला, 103 अंशांच्या भट्टीत ठेवा, आणि लागोपाठ दोन वजनं सारखी येईतो सुकवा. समजा आधी 186 ग्रॅम आणि शेवटी 138 ग्रॅम भरलं :

```
(186 − 138) / 138 × 100 = 34.8 टक्के
```

भागाकार कोरड्या वजनाने करायचा, ओल्याने नाही. म्हणूनच खूप ओल्या लाकडाचा आकडा शंभरच्या वरही जाऊ शकतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सुया टोचून आकडा दाखवणारा मीटर फक्त वरचा थर सांगतो. 6 इंच जाड तुळईवर तो 10 दाखवेल आणि गाभ्यात 25 असेल.

आता दुरुस्ती. तुळई बदलायची गरज मला दिसत नाही, चीर दीड-दोन फुटांवर थांबली असेल आणि लाकूड रेषेला सरळ असेल तर. सरळपणा बघायचा तर सुकण्याच्या बारीक भेगांची दिशा बघा, त्या तंतूंच्याच दिशेने जातात. दहा इंच लांबीत भेग एक इंच चढत असेल तर वाकण्याची ताकद साधारण 80 टक्के उरते, तिथवर चालेल. पाच इंचांत एक इंच चढत असेल तर निम्म्यावर येते, ती तुळई उतरवा. चीर मध्याजवळ पोचली असेल तरही उतरवा.

खरा इलाज म्हणजे खाचेपाशी हवेत लटकणाऱ्या त्या खालच्या 4 इंचांना आधार देणं. भिंतीला लागून, खाच जिथे संपते तिथेच, पूर्ण उंचीच्या तुळईखाली खांब उभा करा. 4 इंची चौकोनी सागवानी खांब पुरेल, कारण तिथे भार रेषेच्या दिशेने येतो. 1350 किलोला चौरस सेंटीमीटरमागे साडेतेरा किलो पडतात, आणि खांब फार बारीक-उंच नसेल तर ते किरकोळ आहे. जुन्या घरांत असतं तसं दगडी उथळं खाली हवंच, मातीत पुरलं की वाळवी परत येईल. जॅकने तुळई हलकेच उचला, चीर मिटते तेवढीच, त्याहून जास्त नको. खांबाच्या डोक्यावर 6 इंच लांब, 4 इंच रुंद लोखंडी पट्टी ठेवा. लाकडी उशी ठेवू नका. खांब उंचीत आकसणार नाही, पण आडवी टाकलेली उशी आकसेल, आणि तुळईही आकसणार आहेच. दोन्ही मिळून फट पडली की भार परत खाचेवर जाईल. पट्टीखाली लोखंडी पाचरी ठेवल्या तर पुढच्या मे महिन्यात त्या ठोकून घेता येतात.

चीर पुढे जाऊ नये म्हणून खाचेपासून 3-4 इंच आत तुळईत वरून खाली आरपार छिद्र पाडून 12 मिलिमीटरचा एक बोल्ट टाका. दोन्हीकडे मोठे चौकोनी वायसर हवेत, लहान वायसर लाकडात रुततो. वर कड्या आड येत असतील तर दोन कड्यांमधली जागा धरा. हा बोल्ट उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा आवळावा लागेल, कारण तुळई त्याच्याभोवती आकसेल.

फॅब्रिकेटर बहुतेक वेळा वेगळंच सुचवतो : दोन्ही बाजूंना जाड लोखंडी प्लेट, आणि वर एक, खाली एक असे बोल्ट. दिसायला भक्कम, पण अजून ओल्या असलेल्या तुळईला तो घातक ठरतो. वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये 18 सेंटीमीटर अंतर असेल तर तेवढं लाकूड 3 ते 6 मिलिमीटर आकसू बघेल. प्लेट आकसणार नाही, बोल्ट हलणार नाहीत, मग लाकूड दोन बोल्टच्या मध्ये स्वतःच फाटेल. प्लेट लावायचीच तर खालची छिद्रं उभी लांबट पाडायला सांगा, म्हणजे बोल्टला वर सरकायला जागा राहील. खिळे तर मुळीच नकोत. टोकाशी ठोकलेला प्रत्येक खिळा तंतूंमध्ये पाचर मारतो. चिरेत इपॉक्सी भरायचा सल्लाही मिळेल. आतलं लाकूड ओलं असेतो तो धरत नाही, आणि धरला तरी पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवी भेग पडते. दोन उन्हाळे जाऊ द्या, मग भरायचा असेल तर भरा.

टोकांचे आणि खाचेचे उघडे काप मात्र आत्ताच बंद करा. तेलरंगाचे दोन-तीन हात किंवा वितळलेलं मेण पुरतं. भिंतीत शिरलेल्या भागाला चहूबाजूंनी बोटभर हवा राहू द्या, तिथे माती ठासली तर पावसाचं पाणी तंतूंच्या तोंडातूनच आत शिरेल.

पुढे कधी चौथी तुळई बदलायची वेळ आली तर वखारीऐवजी आधी गावातल्या पाडलेल्या वाड्यांचं सागवान बघा. खिळ्यांची भोकं आणि जुन्या खाचा टाळून घेतलं तर ते आपल्या हवेत कित्येक उन्हाळे-पावसाळे हेलकावून बसलेलं असतं, आणि आकसायचं ते आकसून झालेलं असतं. भिंतीची उंची जुळली नाही तर तुळईला करवत लावू नका, भिंतीतली बैठक 4 इंच उतरवून घ्या.